सोलापुरात बरोबर, केदारनाथला भलतंच: प्रवासात ग्लुकोमीटर का चुकतो आणि ते कसं ओळखायचं

मे-जूनमध्ये चारधामचे जथे परतले की आमच्या लॅबच्या खिडकीशी एक तक्रार ठरलेली असते. "मीटर बिघडलंय हो, वर गेल्यावर काहीही दाखवायला लागलं होतं." कुणाला केदारनाथला पहाटे उपाशीपोटी ८० दिसलेले असतात, ज्यांचा घरचा आकडा कधी ११५च्या खाली येत नाही. कुणाला एकाच बोटावर दोन मिनिटांत ९० आणि १३० मिळालेले असतात. काहींच्या पडद्यावर आकडाच येत नाही, थर्मामीटरचं छोटं चित्र येतं आणि पट्टी वाया जाते. आणि एखाद्याला उतरताना अचानक अडीचशेच्या घरातला आकडा दिसतो, तेही दिवसभर काही गोड न खाता.

यातली बहुतेक मीटरं बिघडलेली नसतात. इथे लॅबमध्ये तपासली की बरोबर निघतात. वर चुकतात ती तीन कारणांनी: थंडी, विरळ हवा आणि शरीरातलं कमी झालेलं पाणी. ही तिन्ही आकड्याला एकाच दिशेने ढकलत नाहीत, म्हणून "वर गेलं की वीस मिळवा" असला ठोकताळा चालत नाही. आकडा कोणत्या बाजूला आणि कोणत्या वेळी चुकला, यावरून कारण शोधावं लागतं.

चुकीचा आकडा म्हणजे नक्की किती चुकीचा

घरच्या मीटरसाठीचं आयएसओ १५१९७ हे मानक २०१३ सालचं आहे. त्यानुसार साखर १०० किंवा जास्त असेल तर मीटरचा आकडा लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के आत असायला हवा. १००च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. तेही शंभरातल्या ९५ वेळा. म्हणजे खरी साखर १२० असताना मीटरने १०५ दाखवले काय किंवा १३५ दाखवले काय, मीटर आपलं काम करतंय. लागोपाठ दोन चाचण्यांत १२ ते १५चा फरक दिसला म्हणून हादरून जायचं कारण नाही. आपण शोध घ्यायचा तो या फटीच्या बाहेर गेलेल्या आकड्याचा.

आणि हे सगळं पट्ट्या चांगल्या असतील तर. इथे आपल्या सोलापूरचा एक वेगळाच घोळ आहे. बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर साठवणीचं तापमान ३० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. केदारनाथचे दरवाजे उघडतात एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, आणि त्याच वेळी आपल्याकडे पारा ४२-४३ला असतो. पत्र्याच्या घरात तर त्याहून जास्त. त्यात महिनाभर पडलेली डबी बॅगेत जाते, दिल्लीपर्यंत कर्नाटक एक्सप्रेसच्या बिगर एसी डब्यात आणखी तापते आणि मग वर पोचते. पट्टीवरचं एन्झाइम उष्णतेने आधीच अर्धवट मेलेलं असतं. दोष मात्र थंडीच्या माथी जातो. म्हणून यात्रेसाठी नवी डबी घ्यावी आणि ती मधल्या, सावलीच्या खोलीत ठेवावी. फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण तिथला दमट गारवा पट्ट्यांना मानवत नाही. माठाशेजारच्या ओल्या फडक्यावर ठेवायची युक्तीही नको.

थंडी: मीटर आणि पट्टी वेगवेगळ्या हवेत

पट्टीवर रक्त पडलं की एन्झाइम ग्लुकोजशी क्रिया करतं आणि त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. मीटर तो प्रवाह मोजून आकडा सांगतं. गारठ्यात ही क्रिया मंदावते, प्रवाह कमी पडतो आणि दुरुस्ती केली नाही तर आकडा खाली येतो. हे ठाऊक असल्यामुळे मीटर बनवणारे आत एक तापमापक बसवतात. मीटर म्हणतं, "मी १५ अंशांवर आहे, म्हणजे एवढी भर घालतो," आणि ती भर घालूनच आकडा दाखवतं. फार गार किंवा फार गरम असेल तर ते मोजायचंच नाकारतं. थर्मामीटरचं चित्र येतं ते तेव्हा. बहुतेक मीटरांची कामाची मर्यादा साधारण १० ते ४० अंश असते. काहींची थोडी जास्त असते. आपल्या मीटरची मर्यादा त्याच्या पुस्तिकेत छापलेली असते.

थर्मामीटरचं चित्र आलं तर खरं म्हणजे फारसं बिघडलेलं नसतं, मीटरने प्रामाणिकपणे "जमत नाही" म्हटलेलं असतं. धोका असतो तो मीटर आकडा देतं तेव्हा. कारण त्याचा तापमापक मीटरच्या पोटात आहे आणि क्रिया होते पट्टीवर. दोघांचं तापमान वेगळं असेल तर मीटरचा हिशेब चुकतो.

हे कसं घडतं ते पाहा. एखादे काका मीटर स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवतात, कारण कुणीतरी सांगितलंय की बॅटरी गार होऊ देऊ नका. पट्ट्यांची डबी मात्र बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात राहते. केदारनाथला मेमध्येही पहाटे पारा शून्याच्या जवळ जातो. ते तंबूच्या बाहेर येतात, मीटर काढतात, ते अजून ३० अंशांवर आहे. डबीतली पट्टी ४-५ अंशांवर. मीटरला वाटतं सगळं उबदार आहे, म्हणून ते काही भर घालत नाही. पट्टी मात्र गारठलेली, प्रवाह कमी. आकडा खरा आहे त्यापेक्षा खाली येतो.

उलटंही होतं. मीटर रात्रभर बाहेर राहिलं, सकाळी चहाच्या गरम टपरीत आणलं आणि बसल्या बसल्या तपासलं. पट्टी कागदासारखी पातळ असल्याने पटकन गरम होते, पण मीटरचं पोट अजून गार. ते गारठ्याची भर घालतं आणि आकडा फुगतो. एकाच माणसाला एकाच सकाळी दोन टोकांचे आकडे मिळतात ते यातून.

त्यावरचा उपाय साधा असला तरी घाई करून होत नाही. मीटर आणि पट्ट्यांची बंद डबी नेहमी एकाच पिशवीत, एकाच ठिकाणी ठेवायची. रात्री ती पिशवी पांघरुणात, अंगाजवळ. सकाळी खोलीत किंवा तंबूत, वारा न लागणाऱ्या जागी दोन्ही २० ते ३० मिनिटं बाहेर काढून ठेवायचं आणि तिथेच, त्याच हवेत चाचणी करायची. फक्त ती जागा १० अंशांच्या वर हवी. तशी जागा नसेल तर दोन्ही अंगाजवळच राहू द्यायचं आणि चादरीखालीच चाचणी उरकायची. सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं मीटर गरम होत नाही, फक्त थंड व्हायला वेळ लावतं. ऊब माणसाच्या अंगातून यावी लागते. मीटर शेकोटीजवळ, गरम पाण्याच्या पिशवीवर किंवा गाडीच्या हीटरपुढे ठेवून लवकर गरम करायला गेलात तर मीटर आणि पट्टीमध्ये पुन्हा तीच तफावत तयार होते.

डबीबद्दल एक गोष्ट लोक हमखास विसरतात. गार डबी उबदार खोलीत आणल्या आणल्या उघडली की आतल्या पट्ट्यांवर दव धरतं. ओलाव्याने पट्टी खराब होते आणि पुढच्या सगळ्या चाचण्यांत ती चूक राहते. म्हणून डबी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, आणि पट्टी काढली की झाकण लगेच लावावं. पट्ट्या कागदाच्या पुडीत मोकळ्या घेऊन जाणारे लोकही पाहिलेत. डबीच्या आत ओलावा शोषणारं अस्तर असतं. पुडीत ते नसतं.

आता बोट. गारठ्यात बोटांच्या टोकांकडचा रक्तपुरवठा शरीर स्वतःच कमी करतं. सुई टोचली तरी थेंब येत नाही, मग माणूस बोट पिळतो. पिळल्यावर रक्ताबरोबर पेशींच्या आसपासचं पाणी येतं, थेंब पातळ होतो आणि आकडा आणखी घसरतो. हात कोमट पाण्याने धुवावेत, नीट कोरडे करावेत, अर्धा मिनिट हात खाली सोडून हलवावा आणि मग बोटाच्या कडेला टोचावं. तळहातापासून बोटाच्या टोकाकडे हलकेच ढकललं तर चालतं. टोकावरच दाबू नये. थेंब तरीही आला नाही तर तेच बोट पुन्हा पुन्हा पिळण्यापेक्षा दुसरं बोट घ्यावं.

मीटरमधला नाण्यासारखा सेल थंडीत दमतो, पडदा फिका होतो किंवा बॅटरीचं चिन्ह लुकलुकतं. त्याने सहसा आकडा चुकत नाही, मीटर बंद पडतं. जादा सेल बरोबर ठेवा, एवढंच.

उंची: पत्रकातली एक ओळ

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. केदारनाथ ३,५८३ मीटरवर, म्हणजे सुमारे ११,७५० फूट. लेह साधारण ३,५०० मीटर. या उंचीवर हवेतला ऑक्सिजनचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास उरतो. बऱ्याच पट्ट्यांच्या पत्रकात "१०,००० फुटांपर्यंत उंचीचा परिणाम होत नाही" अशा अर्थाची एक ओळ असते. केदारनाथ आणि लेह दोन्ही त्या ओळीच्या वर आहेत. त्याचा अर्थ वर मीटर चुकतंच असा नाही. त्या उंचीवरच्या अचूकतेची हमी कंपनी देत नाही, इतकाच अर्थ.

परिणाम होतो की नाही हे पट्टीवर कोणतं एन्झाइम आहे त्यावर ठरतं. ते नाव पत्रकात लिहिलेलं असतं. ग्लुकोज ऑक्सिडेज असेल तर त्याला ऑक्सिजनशी देणंघेणं आहे. सोलापुरात रक्तातला ऑक्सिजन क्रियेत निघणारे काही इलेक्ट्रॉन पळवतो आणि पट्टीची आखणी त्या चोरीचा हिशेब धरूनच केलेली असते. वर रक्तात ऑक्सिजन कमी, म्हणजे चोरीही कमी, आणि प्रवाह जास्त. म्हणून अशा पट्टीचा आकडा खऱ्यापेक्षा वर जाण्याकडे कल असतो. रंग बदलून आकडा सांगणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ऑक्सिडेज पट्ट्यांत नेमकं उलट होतं, कारण त्यांना क्रियेसाठी ऑक्सिजन लागतोच. ग्लुकोज डिहायड्रोजिनेज असलेल्या पट्ट्यांना ऑक्सिजनचा फारसा फरक पडत नाही. उंचीवर जाणाऱ्याने शक्य असेल तर अशी पट्टी लागणारं मीटर न्यावं. सोलापुरातच चार दिवस दोन्ही मीटरं शेजारी शेजारी वापरून पाहावीत. वर गेल्यावर नवं मीटर पहिल्यांदा उघडणं म्हणजे गोंधळात भर.

खरं सांगायचं तर आठ-दहा दिवसांच्या यात्रेत एकट्या उंचीमुळे पडणारा फरक थंडीच्या मानाने लहान असतो. लोक "ऑक्सिजन कमी" हे कारण पटकन धरतात, कारण ते सगळ्यांच्या तोंडी असतं. पण पहाटे ८० आणि दुपारी तंबूत १२५ असा फरक असेल तर आधी थंडीकडे बघा. उंची सकाळी आणि दुपारी सारखीच होती.

पाणी कमी पडणं: इथे मीटर आणि शरीर उलट दिशेने जातात

तिन्हींत हाच भाग सगळ्यात जास्त चुकतो आणि धोक्याचाही हाच आहे.

वर गेल्यावर माणसाचं पाणी दोन-तीन वाटांनी जातं. कोरड्या गार हवेत श्वासातून जातं. उंचीवर पहिले काही दिवस लघवीही जास्त होते. आणि तहान लागत नाही, कारण घाम दिसत नाही. बायका तर वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात. त्यात खाण्याचं मानवलं नाही आणि जुलाब लागले तर दिवसभरात शरीर सुकतं. रक्तातलं पाणी घटतं, पेशींचं प्रमाण वाढतं. रक्तातल्या पेशींच्या या प्रमाणाला हिमॅटोक्रिट म्हणतात. पुरुषांत ते साधारण ४० ते ५० टक्के असतं, बायकांत थोडं कमी.

रक्त दाट झालं की पट्टीच्या बारीक नळीत पेशींची गर्दी होते. ग्लुकोज विरघळलेलं असतं प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, आणि तो कमी झालेला असतो, त्यामुळे एन्झाइमपर्यंत ग्लुकोज पोचायला वेळ लागतो. मीटर ठरलेल्या सेकंदांतच मोजतं. म्हणून दाट रक्तात आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. नवी मीटरं पेशींचं प्रमाण वेगळं मोजून दुरुस्ती करतात. जुनी किंवा स्वस्तातली करतीलच असं नाही. पत्रकात हिमॅटोक्रिटची मर्यादा दिलेली असते. ३० ते ५५ पेक्षा २० ते ६० चांगली, कारण दाट रक्तातही ते मीटर जास्त वेळ भरवशाचं राहतं.

आणि त्याच वेळी शरीरात काय चाललंय? पाणी कमी, म्हणून तीच साखर कमी पाण्यात. दमणूक, थंडी आणि आजारपणामुळे शरीर साखर वाढवणारी हार्मोन्स सोडतं. लघवी घटली की साखर बाहेर टाकायची वाटही अरुंद होते. खरी साखर चढते, आणि मीटर ती थोडी लपवतं. खरे ३०० असतील तर दुरुस्ती न करणारं मीटर २६०-२७० दाखवू शकतं. म्हणून जुलाब-उलट्या झालेल्या माणसाचा आकडा "फार नाही, अडीचशे-पावणेतीनशेच आहे" असं म्हणून सोडून द्यायचा नसतो. तोंड कोरडं, लघवी गडद किंवा बंद, उभं राहिल्यावर चक्कर, सुस्ती किंवा बोलण्यात गोंधळ असेल तर बोटाच्या आकड्यावर अजिबात विसंबू नका. बोटांपर्यंत रक्तच नीट पोचत नसतं. वाटेवरच्या वैद्यकीय मदत केंद्रात जा आणि शिरेतल्या रक्ताची तपासणी करा.

याच जागी औषधाचाही एक खड्डा आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात. त्या घेणाऱ्याचं पाणी कमी झालं, खाणं सुटलं आणि मळमळ-उलट्या सुरू झाल्या, तर आकडा १८० असला तरी रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून माणूस गंभीर होऊ शकतो. इथे मीटर बरोबर असूनही फसवतं. आजारी पडलो तर या गोळ्या कधी थांबवायच्या हे निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. केदारनाथच्या वाटेवर फोन लागेलच असं नाही.

आता पाण्याचाच दुसरा घोळ, आणि याने आकडा वर जातो. जुलाब झाले की ओआरएस पितात, आणि ते बरोबरच आहे. पण पुडी फोडताना आणि बाटली हलवताना बोटं ओली होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. मीटरच्या भाषेत ते १,३५० होतात. समजा खरी साखर १२० आहे आणि तुमच्या थेंबात दहावा हिस्सा बोटावरचं ओआरएस मिसळलं. रक्ताचे नऊ हिस्से १०८ देतील, ओआरएसचा एक हिस्सा १३५ देईल. मीटर २४३ दाखवेल. बोट वाळलेलं असेल तरी ग्लुकोज त्यावर राहतंच. ग्लुकोज पावडर आणि फळं हाताळल्यावरही हेच होतं. म्हणून उतरताना अचानक अडीचशे दिसले तर पहिला प्रश्न "काय खाल्लं?" हा नसावा, "हात कशात होते?" हा असावा. सॅनिटायझरने ही साखर नीट जात नाही, पाणीच लागतं. पाणी नसेल तर पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा घ्यावा.

एक प्रकरण, सुरुवातीपासून

आमच्याकडे आलेल्या एका चौसष्ट वर्षांच्या काकांची वही मी पाहिली होती. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. घरी उपाशीपोटी ११५ ते १३०. हरिद्वारला १२६. केदारनाथला पहाटे तंबूबाहेर ८२.

काकांना घाम नव्हता, थरथर नव्हती, भूक नेहमीची. पण ८२ पाहून काकू घाबरल्या. दोन लाडू खाऊ घातले आणि सकाळची गोळी चुकवायला लावली. त्यांच्या मुलाने मात्र लाडवाच्या आधीच मीटर आणि डबी एकत्र पांघरुणात घेतली होती. वीस-पंचवीस मिनिटांनी, हात कोमट पाण्यात धरून, तंबूतच पुन्हा तपासलं तर ११९. लाडू तोंडात जायच्या आधीच उत्तर मिळालं होतं, पण ते ऐकून घ्यायला धीर कोणाला! वहीत बाजूला मुलाने लिहिलं होतं: मीटर खिशात, डबी बॅगेत. पहिला आकडा का घसरला ते त्या एका ओळीत होतं. गार पट्टी, उबदार मीटर, आणि बहुधा पिळलेलं बोट.

काकू चुकल्या का? आकडा ७०च्या खाली असता तर मी काकूंच्याच बाजूने असतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला ७०च्या खाली दाखवलं, किंवा आकडा काहीही असला तरी घाम, थरथर, धडधड असेल, तर मीटरवर संशय घेत बसायचं नाही. तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, आणि मीटरचा तपास नंतर. वर एक अडचण अशी की डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळ ही उंचीच्या त्रासाचीही लक्षणं आहेत आणि साखर घसरल्याचीही. दोन्हींत फरक करायला मीटर लागतंच, म्हणून तर ते नीट ठेवायचं.

पण ८२, लक्षणं नाहीत, आणि घरचा आकडा १२०चा? इथे अर्धा तास थांबून दुसरी चाचणी करणं योग्य होतं. गोळी चुकवल्याने काकांची साखर संध्याकाळी चढली, ती खरोखरची.

दुसऱ्या दिवशी उतरताना काकांना जुलाब झाले. गौरीकुंडला ओआरएस पिता पिता मोजलं, २३८. मुलाने बाटलीच्या पाण्याने त्यांचे हात धुवून, पुसून पुन्हा तपासलं: १६१. हा दुसरा आकडा खरा मानायला हरकत नव्हती. पण त्यावर "म्हणजे ठीक आहे" म्हणून काका मोकळे झाले, ते मात्र मला पटलं नाही. जुलाबात रक्त दाट झालेलं, मीटर जुनं. खरी साखर १६१ पेक्षा थोडी वरच असणार. अशा वेळी दर दोन-तीन तासांनी मोजायचं, लघवी होतेय का ते बघायचं आणि पाणी चालू ठेवायचं.

वर असताना शंका आली तर

क्रम महत्त्वाचा आहे, कारण सोप्या गोष्टी आधी बाद होतात. लक्षणं नसतील आणि आकडा पटत नसेल तर आधी हात धुवा, कोरडे करा. मग मीटर आणि डबी एकाच जागी वीसेक मिनिटं ठेवा. मग दुसऱ्या बोटातून, न पिळता. दुसरा आकडा पहिल्यापासून १५ टक्क्यांच्या आत असेल तर पहिला आकडा थंडीचा किंवा बोटाचा नव्हता, खरा मानून चाला. फार वेगळा आला तर आणखी एक तिसरी चाचणी करा, आणि जवळजवळ असलेले दोन धरा. तीन पट्ट्या गेल्याचं दुःख करू नका, म्हणूनच यात्रेला नेहमीपेक्षा दुप्पट पट्ट्या न्यायच्या.

कंट्रोल सोल्युशनची छोटी बाटली बरोबर असेल तर तपास लवकर संपतो. मेडिकलवाल्याकडे ती नेहमी नसते, आठवडाभर आधी सांगून मागवावी लागते. ठराविक ग्लुकोज असलेला हा द्रव रक्ताऐवजी पट्टीला लावायचा. आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला तर त्या क्षणी, त्या तापमानाला मीटर आणि पट्टी दोन्ही ठीक. मग चूक बोटात किंवा दाट रक्तात शोधायची. आकडा त्या मर्यादेबाहेर गेला तर डबी बदला. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, बहुतेक बाटल्या उघडल्यावर तीन महिनेच चालतात. आणि तीही मीटर-डबीबरोबर एकाच हवेत ठेवा, गार द्रवाने केलेली चाचणी निरुपयोगी.

पडद्यावर LO किंवा HI आलं तर तो बिघाडाचा संदेश समजू नका. साखर मीटरच्या मोजण्याच्या मर्यादेच्या खाली किंवा वर आहे, असं ते सांगतं. LO दिसलं तर आधी साखर द्या. HI दिसलं तर हात धुवून एकदा पुन्हा बघा, आणि पुन्हा HI आलं तर दवाखाना.

सगळं तपासूनही आकडे दिवसेंदिवस चढेच असतील आणि माणूस इन्सुलिनवर असेल, तर मीटर सोडा आणि इन्सुलिनकडे बघा. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसू शकतं, पण कामाचं राहत नाही. रात्री तंबूच्या कोपऱ्यात ठेवलेलं पेन टाकून द्या.

परत सोलापुरात आल्यावर

घरी आल्यावर दोन-तीन दिवस खाणं-पिणं, पाणी पूर्ववत होऊ द्या. मग सकाळी उपाशीपोटी लॅबला या आणि मीटर, डबी बरोबर आणा. आम्ही शिरेतलं रक्त घेऊ, त्याच वेळी तुम्ही बोटाचं तपासा. उपाशीपोटीच, कारण जेवणानंतर बोटातलं आणि शिरेतलं रक्त मुळातच वेगळे आकडे देतं, कधी कधी वीस-तीसने. काकांचा लॅबचा आकडा १३१ आला, मीटरचा १२४. १३१च्या १५ टक्के म्हणजे साधारण २०, म्हणजे १११ ते १५१च्या मध्ये काहीही चाललं असतं. मीटर ठीक होतं.

डबी मात्र टाकायला सांगितली. केदारनाथचा गारठा, परतीच्या गाडीतला उकाडा आणि गार असताना कितीदा उघडली त्याचा हिशेब नाही. त्यात आठ पट्ट्या उरल्या होत्या आणि काका द्यायला तयार नव्हते. शेवटी त्यातली एक कंट्रोल सोल्युशनवर लावून दाखवली. आकडा छापलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाच्याही खाली आला, तेव्हा कुठे त्यांनी डबी दिली.